आईच्या चेहऱ्यावरचे तीन लाइट

माझं काम लोकांना समजावून सांगायला गेलं की माझं डोकं फिरतं. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत मी लाइटिंग करते असं म्हटलं की समोरचा आधी छताकडे बघतो. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंनी तर घरातला पंखा घरघरतोय, तो बघून देशील का, असं विचारलेलं. म्हणून आता मी सरळ सांगते, की कॉम्प्युटरमध्ये एक खोटी खोली असते, त्यात खोटी माणसं बसलेली असतात आणि त्या खोलीत दिवे लावायचे हे माझं काम. तेही खोटेच, पण वागतात अगदी खऱ्यासारखे.

पंधरा वर्षं मी हे करतेय आणि अजूनही सुरुवात त्याच तीन दिव्यांनी करते. पहिला मुख्य, त्याला आम्ही ‘की’ म्हणतो. तो कॅमेऱ्याच्या एका बाजूला, चेहऱ्यापेक्षा थोडा वर. चेहऱ्याला आकार देतो तो हाच, कारण तो सावली पाडतो. नाकाची सावली गालावर पडली की नाक पुढे आलेलं दिसतं, नाहीतर चेहरा म्हणजे पोळपाट. दुसरा फिल. हा दुसऱ्या बाजूने, मोठा, मऊ आणि मंद. कीने पाडलेल्या सावल्या फार काळ्या होऊ नयेत एवढंच त्याने बघायचं. तिसरा रिम, माणसाच्या मागून आणि वरून, फ्रेमच्या बाहेर लपवलेला. तो केसांच्या, खांद्याच्या, जबड्याच्या कडेवर उजेडाची एक रेघ ओढतो आणि माणूस मागच्या भिंतीपासून सुटा होतो. ती रेघ नसली तर काळे केस काळ्या भिंतीत बुडून जातात.

हे सगळं मला इतकं येतं की मी त्याबद्दल फुशारक्या मारायचे. घरी जास्तच. आईसमोर तर विचारायलाच नको.

आई आणि मी डोंबिवलीत, मानपाड्याला राहतो. बाबा गेल्यापासून दोघीच. आईने बावीस वर्षं एमआयडीसीतल्या औषधांच्या कंपनीत पॅकिंगला काढली. गोळ्यांच्या पट्टीत एखादा खड्डा रिकामा असला तर तिला पळत्या पट्ट्यावर दिसायचा. माझी नजर तिच्याकडून आलीय असं ती सोसायटीत सगळ्यांना सांगायची. “माझ्या पोरीच्या डोळ्यातून काही सुटत नाही,” हे तिचं वाक्य. मला ते ऐकायला आवडायचं, उगाच खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी स्टुडिओत मुलांच्या गोष्टींच्या अ‍ॅपचं काम आलं. त्यात एक आजी ओटीवर बसून गोष्ट सांगते. क्लायंटला ती कार्टूनसारखी नको होती, खरी आजी हवी होती. खरा चेहरा स्कॅन करायचा ठरलं. स्कॅन म्हणजे काही मोठं यंत्र नाही. माणसाला स्टुलावर बसवायचं, त्याने हलायचं नाही, आपण भोवती फिरून सत्तर-ऐंशी फोटो काढायचे, की सॉफ्टवेअर त्यातून चेहऱ्याचा आकार उभा करतं. मी घरी येऊन आईला सहज म्हटलं, तू बसशील का. मला वाटलेलं, नाही म्हणेल. फोटो म्हटलं की पदर तोंडावर घेणारी बाई ती. पण तिने जरा वेळ विचार केला आणि विचारलं, “अगदी जवळून काढतात का फोटो?”

“कान, मान, सगळं. एक केस सुटणार नाही.”

“आणि तू स्वतः बघणार ते?”

“मीच बघणार. दुसरं कोण बघणार?”

“मग बसते,” ती म्हणाली.

फोटो घरीच काढले, गॅलरीत, ढगाळ सकाळी. स्कॅनला असाच उजेड लागतो, सगळीकडून सारखा, सावली न पाडणारा, कारण फोटोत सावली आली तर ती कातडीच्या रंगात कायमची छापली जाते. स्कॅनमधला आकार साफ करणारा मॉडेलर मदतीला आलेला. तो कोपरीचा, माझ्याच वयाचा, स्टुडिओत माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. मी आईला केस वर बांधायला लावले. घरात ती गाऊनवर कायम ओढणी घ्यायची, ती काढायला लावली. कुड्या पण काढ म्हटलं, कारण चमकणाऱ्या वस्तूने स्कॅन बिघडतो. कुड्या काही तिने काढल्या नाहीत. “बाकीचं सगळं काढलं ना तुझ्यासाठी,” म्हणाली. मी चिडले. मॉडेलर म्हणाला, राहू दे गं, बघू नंतर.

इथे मला माझी एक चूक सांगायलाच हवी. कुठलाही चेहरा आला की मी आधी त्याचे रंग काढून टाकते. सगळा चेहरा करडा, मातीच्या पुतळ्यासारखा करते आणि त्यावर एकेक दिवा वेगळा लावून बघते. आधी नुसती की, बाकी बंद. मग नुसता फिल. मग नुसता रिम. रंग गेला की डोळा फसत नाही, उंचसखल तेवढं दिसतं. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हे ओरडून ओरडून शिकवते. आईच्या चेहऱ्याला मात्र मी ते केलं नाही. म्हटलं, हा चेहरा मला काय नवीन आहे?

तिन्ही दिवे एकदमच लावले. चित्रात ओटीवर कंदील डावीकडे टांगलेला होता, म्हणून की डावीकडून. ती आईच्या उजव्या गालावर पडली. आईचा डावा गाल फिलच्या मंद उजेडात. मागे काळपट लाकडी भिंत, म्हणून रिम आईच्या डाव्या बाजूने, मागून. केसांवर, कानावर, जबड्यावर रेघ उमटली आणि आई त्या भिंतीपासून अशी सुटून पुढे आली की माझ्याच अंगावर काटा आला. फक्त एका जागी रेघ वाकडी होती. डाव्या कानाच्या पाळीखाली, जिथे जबडा वळतो तिथे, ती जरा बाहेर फुगायची आणि तिथे एक ठिपका चमकायचा.

मी म्हटलं, ही कुडी. कुडीच्या चमकेने स्कॅनमध्ये गोळा आलाय. सांगितलं होतं काढ म्हणून!

असली दुरुस्ती मॉडेलरने करायची असते. पण दोन मिनिटांचं काम, त्याला कोण सांगत बसणार. मी गुळगुळीत करायचा ब्रश घेतला आणि त्या जागेवरून फिरवला. चार-पाच हात मारल्यावर रेघ सरळ झाली. मी कॉफी प्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी टॅबमध्ये चित्र घेऊन घरी गेले. आई डाळ फोडणीला टाकत होती, तिने गॅस बंद केला. हात पुसले, चष्मा लावला आणि टॅब डोळ्यांजवळ धरून कितीतरी वेळ बघत राहिली. बोटांनी चित्र मोठं केलं. मला गंमत वाटली, हे तिला कधी यायला लागलं?

“सगळं जसंच्या तसं आलंय का गं?” तिने विचारलं.

“सुरकुती न् सुरकुती. माझ्या हातून काही सुटतं का?”

“मशीनला जे दिसलं ते सगळं आहे ना ह्यात?”

“अगं हो आई, किती वेळा सांगू?”

तिने मोठा श्वास सोडला. मग हसली. त्या संध्याकाळी तिने शिरा केला, बदाम-बेदाणे घालून. मला वाटलं, स्वतःचं चित्र आवडलं म्हणून. मी दोनदा घेतला.

मध्ये सहा-सात आठवडे गेले. क्लायंटने ती आजी पास केली, पण त्यांना दुसऱ्या गोष्टीसाठी हसरी आजी हवी होती आणि दागिने आम्ही वेगळे बनवून घालायचे होते. म्हणजे कुड्या काढून, हसऱ्या तोंडाने दुसरं स्कॅन. आई या वेळी आढेवेढे न घेता बसली. कुड्या तिने स्वतःच काढून वाटीत ठेवल्या. फोटो काढताना मी मोबाइलच्या पडद्यावर फोकस बघत होते, तिच्याकडे नाही.

दुसऱ्या गोष्टीत कंदील दुसऱ्या बाजूला होता. म्हणून या वेळी की उजवीकडून आली, थेट आईच्या डाव्या गालावर. आणि या वेळी मी शहाण्यासारखी आधी करडा चेहरा घेतला. फिल बंद, रिम बंद. नुसती की लावली.

डाव्या कानाखाली गाठ होती. सुपारीपेक्षा मोठी. कीच्या बाजूने उजळलेली आणि खाली मानेवर चंद्रकोरीसारखी सावली पाडणारी.

माझा हात सवयीने ब्रशकडे गेलाच. मग मला आठवलं, कुड्या नव्हत्या. चमकणारं काहीच नव्हतं. फोटो दुसरे, दिवस दुसरा. स्कॅनमधला कचरा दोनदा एकाच जागी येत नाही. तो कुठेही येईल, पण त्याच जागी, तोच, पुन्हा नाही येत. हे मला कळत होतं आणि तरी मी मूर्खासारखी दिवा इकडेतिकडे फिरवत राहिले. की वर घेतली, सावली लांब झाली. बाजूला नेली, सावलीही सरकली. दिवा कुठेही नेला तरी गाठ जागची हलेना.

मी मॉडेलरला हाक मारली. तो खुर्ची ओढत आला, बघितलं आणि म्हणाला, “पहिल्या स्कॅनमध्ये नव्हतं का हे?”

“होतं. मी काढलं.”

“मला नाही सांगितलंस?”

“दोन मिनिटांचं काम होतं रे!” मी त्याच्यावरच ओरडले.

तो मूळ फाइली कधी पुसत नाही. त्याने पहिलं स्कॅन काढलं, माझा ब्रश लागायच्या आधीचं, आणि दुसऱ्यावर ठेवलं. कपाळ कपाळावर बसलं, नाक नाकावर बसलं. ओठ हसण्यामुळे वेगळे होते, ते असणारच. पण हसण्याने कानाखाली एवढा फरक पडत नाही. तिथे आतून जुना आकार आणि त्याच्या वर, चांगला बाहेर, नवा. दोन्ही एकाच जागी, एकावर एक.

“वाढलंय,” तो हळू म्हणाला. “तू घरी जा. इथलं मी बघतो.”

शिळफाट्यावरून स्कूटर कशी घातली मला आठवत नाही. एक ट्रकवाला शिव्या देऊन गेला एवढं आठवतं. तीन वाजता मी दारात उभी होते आणि आई वाटाणे सोलत होती. ट्यूबलाइट चालू. ती ट्यूब छताला, बरोब्बर मधोमध, आणि भिंती पांढऱ्या. सगळीकडून सारखा उजेड, ओढणी मानेभोवती. या उजेडात मी रोज तिच्यासमोर बसून जेवत होते.

“एवढ्या लवकर? बरं नाही का गं?” तिने विचारलं.

मी पडदा ओढला, ट्यूब बंद केली, मोबाइलची बॅटरी लावली. तिची ओढणी बाजूला केली आणि बॅटरी तिच्या डाव्या गालाच्या बाजूला, थोडी वर धरली. मानेवर चंद्रकोर पडली. स्टुडिओत पडलेली तीच, तेवढीच. मी बोट लावलं. गाठ कडक लागली. बोटाखाली जवळजवळ हलत नव्हती.

आईच्या हातात वाटाण्याची शेंग तशीच.

“दिसलं का शेवटी,” ती म्हणाली.

मला वाटलं, टोमणा मारतेय. मी रडायला लागले आणि रडता रडता तिला बोलत सुटले. कधीपासून आहे, दुखतं का, अक्कल आहे का तुला, बावीस वर्षं औषधांच्या कंपनीत काढून एवढं कळत नाही? ती ‘दुखत नाही गं’ एवढंच म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी कल्याणच्या एका हॉस्पिटलात सर्जनला दाखवलं. लाळेच्या ग्रंथीत गाठ होती. सुई घालून नमुना तपासायला घेतला. त्यांनी कागदावर पेनने चेहरा काढला, कानापासून पाच फांद्या ओढल्या आणि सांगितलं, चेहरा हलवणारी नस इथून जाते, बरोबर या ग्रंथीतून. कधी लक्षात आलं, त्यांनी आईला विचारलं.

“गौरी विसर्जनाच्या दिवशी. कुडी घालताना हाताला लागली.”

मी मनात महिने मोजले. पहिले फोटो काढले ते नवरात्रात. म्हणजे स्टुलावर बसली तेव्हा तिला माहीत होतं.

आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचं पोस्टर होतं, मी त्याकडे बघत राहिले.

“मला सांगितलं का नाहीस?” मी शेवटी विचारलं.

आईने माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. खरंच आश्चर्याने.

“सांगितलं की. फोटोला बसले ना.”

मला कळलंच नाही ती काय म्हणतेय.

“तुला काही सांगायला गेलं की तू चिडतेस गं. गुडघ्याचं सांगितलं तेव्हा केवढी ओरडलीस, रोज नवीन काहीतरी काढतेस म्हणून. मग म्हटलं, ही आपणहून फोटो काढतेय. कान, मान, सगळं म्हणाली. तू बघशील, तुझ्या डोळ्यातून सुटणार नाही. तू विचारलंस की मग सांगेन. आणि तू ते घेऊन आलीस तर त्यात काहीच नव्हतं. मी मोठं करून करून बघितलं. मशीनमध्ये नाही आलं म्हणजे नसेल काही, साधी चरबीची असेल, असं वाटलं मला.” तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “किती बरं वाटलं मला त्या दिवशी, काय सांगू.”

तो शिरा मला आठवला.

तिला मी खरं सांगितलं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. मशीनला दिसलं होतं, मी पुसलं. ब्रशने, चार-पाच हात मारून. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “तुला वाटलं असेल, आईचं तोंड चांगलं दिसू दे.” मी म्हटलं, नाही गं, मी तुझ्याकडे बघितलंच नव्हतं.

गाठ वाईट निघाली, पण सगळी निघाली. पुढे रेडिएशनचे शेक घ्यावे लागले, तेही झाले. नस मात्र पूर्ण वाचली नाही. सर्जनना मी विचारलं, आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, खात्रीने कोणी सांगू शकणार नाही, गाठ लहान असताना काम सोपं असतं एवढंच. ते चांगले आहेत म्हणून एवढ्यावर थांबले. आईच्या ओठांचा डावा कोपरा आता वर जात नाही. डावा डोळा नीट मिटत नाही, झोपताना मी त्यावर पट्टी लावते. घरातली ट्यूब मी काढली नाही, पण जेवायच्या टेबलावर बाजूला एक दिवा ठेवलाय आणि जेवताना मी तिच्याकडे बघते. ती म्हणते, अगं भात थंड होतोय.

हसरी आजी आम्ही पूर्ण केली. मॉडेलरने दुसऱ्या स्कॅनमधली गाठ काढली, काढण्याआधी मला विचारलं आणि मी हो म्हटलं. तीन दिवे मी लावले. काम उत्तम झालंय असं सगळे म्हणतात.

परवा शेजारच्या काकू नातीला घेऊन आलेल्या, तिच्याजवळ मोबाइलवर ते अ‍ॅप होतं. नातीने आईला ओरडून सांगितलं, आजी, ही बघ तू! आईने चष्मा लावला. पडद्यावर ती ओटीवर बसली होती, कंदिलाच्या उजेडात, जबड्यावरची रेघ सरळ, आणि दोन्ही बाजूंनी सारखी हसत होती. आईने बोटांनी चित्र मोठं केलं. कानाखाली नेलं. बराच वेळ बघितलं.

“हिला काही झालं नाही,” ती म्हणाली आणि मोबाइल नातीला परत दिला.